शिक्का खरा, हेल्मेट मात्र दुसऱ्याच कामाचं

१ ऑगस्ट २०२५ पासून इंदुरात हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असा आदेश निघाला आणि आठवड्याभरात रस्त्याकडेला टोप्यांसारखी हेल्मेटं विकायला आली. माझी भाची सुदामानगरातून कॉलेजला स्कूटीने जाते. तिने घरबसल्या एक पसंत केलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "मामा, बघा ना, साडेचारशे रुपये, आणि ISI मार्क पण आहे."

मार्क होता, हे खरं. चौथ्या फोटोत हेल्मेटची मागची बाजू होती, ती मी बोटांनी मोठी करून पाहिली. ISI च्या चिन्हाच्या वर एक आकडा असतो आणि खाली एक. बहुतेक लोक मधलं चिन्ह पाहून समाधान मानतात, पण माहिती त्या दोन आकड्यांतच असते. वरचा आकडा सांगतो की वस्तू कोणत्या मानकावर उतरली आहे. खाली CM/L ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बनवणाऱ्या कारखान्याच्या परवान्याचा. दुचाकीच्या हेल्मेटचं मानक IS 4151 आहे. भाचीच्या हेल्मेटवर IS 2925 लिहिलेलं होतं.

IS 2925 सुद्धा हेल्मेटचंच मानक आहे, पण ते कारखान्यात आणि बांधकामावर घालायच्या हेल्मेटचं. ISI चे परवाने देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या BIS Care या अॅपमध्ये Verify Licence Details मध्ये खालचा क्रमांक टाकला, तर परवाना खरा निघाला आणि चालूही होता. म्हणजे शिक्का खोटा नव्हता. "बाईक रायडिंगसाठी ISI प्रमाणित" हे विक्रेत्याने वर्णनात लिहिलेलं वाक्य खोटं होतं.

भाची म्हणाली, "डोकं तर दोन्हीकडे झाकतंच की." फरक आतल्या रचनेत आहे. बांधकामावर वरून वीट पडते, म्हणून त्या हेल्मेटच्या आत पट्ट्यांची झोळी असते. कवच आणि डोक्यात थोडं अंतर राहतं आणि टाळूवर आलेला आघात पट्ट्या ताणून झेलला जातो. स्कूटीवरून पडताना वीट नसते, डोकंच रस्त्यावर आपटतं, आणि बहुधा कपाळाकडून, कानशिलाकडून किंवा मागून. म्हणून दुचाकीच्या हेल्मेटमध्ये कवचाखाली सगळीकडून कडक थर्माकोलचा थर असतो. तो चेपतो आणि परत फुगत नाही. त्या चेपण्यातच धडकेची शक्ती खर्च होते.

हिशोब सोपा आहे. समजा डोकं दीड मीटर उंचीवरून खाली आलं. थर्माकोल दोन सेंटिमीटर चेपून ते थांबलं, तर दीड मीटरला दोन सेंटिमीटरने भागा, ७५ येतात. म्हणजे थांबताना डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी सुमारे ७५ पट झटका बसतो. आत नुसता मऊ फोम असेल तर तो क्षणात तळाला बसतो. थांबायला दोन मिलिमीटरच मिळाले, तर तोच झटका ७५० पट होतो. पडणं तेच, डोकं तेच, फक्त थांबायची जागा दहा पटींनी कमी.

म्हणून हेल्मेट हातात आल्यावर आतलं अस्तर थोडं उचलून पाहावं. अंगठ्याने दाबल्यावर स्पंजासारखं आत जाऊन लगेच वर येणारं काही असेल आणि त्याखाली थेट प्लास्टिक लागत असेल, तर वरचा शिक्का काहीही म्हणो, ते हेल्मेट परत करावं.

दुसऱ्या दिवशी भाचीने आणखी एक हेल्मेट शोधलं. यावर IS 4151 बरोबर होतं आणि अॅपमध्ये परवानाही सापडला. पण परवान्यावरच्या ब्रँडचं नाव हेल्मेटवरच्या नावाशी जुळत नव्हतं. कुणाचा तरी खरा क्रमांक पाहून तो दुसऱ्या मालावर छापणं सोपं असतं आणि नुसता क्रमांक "सापडला" म्हणजे काम झालं असं नाही, ते याचमुळे. परवाना एका उत्पादकाला, एका पत्त्याला, एका मानकासाठी मिळतो. ही तिन्ही, शिवाय ब्रँडचं नाव, वस्तूवर छापलेल्या मजकुराशी ताडून पाहायची. आणि "ISI क्वालिटी", "ISI टाइप" असे शब्द वर्णनात दिसले, पण मागच्या बाजूचा फोटोच नसेल, तर आधी विक्रेत्याकडे तो फोटो मागायचा.

खेळण्यांवरही हीच वाचायची पद्धत चालते. साध्या खेळण्यावर IS 9873, बॅटरीच्या किंवा विजेच्या खेळण्यावर IS 15644, आणि खाली CM/L. मोबाइल चार्जर किंवा पॉवर बँकेचं वेगळं आहे. त्यांची नोंदणी असते, म्हणून खाली R- ने सुरू होणारा क्रमांक येतो आणि तो अॅपमध्ये वेगळ्या जागी तपासतात. चार्जरवर CM/L क्रमांकासह ISI चा शिक्का दिसला तर तिथेच शंका घ्यावी. CE लिहिलेलं असेल तर ते युरोपातल्या नियमांचं चिन्ह आहे, भारतातल्या परवान्याशी त्याचा संबंध नाही.

त्या दुसऱ्या हेल्मेटची तक्रार भाचीने BIS Care मधूनच केली. हेल्मेटवरच्या शिक्क्याचा, ब्रँडच्या नावाचा आणि विक्रीच्या पानाचा असे तीन फोटो जोडले. मग आम्ही दुकानात गेलो. तिथे तिने आधी हेल्मेट उलटं करून IS 4151 वाचलं, मग अस्तर उचललं, आणि डोक्यात घालून पट्टा लावून मान झटकून पाहिली. तिसरं हेल्मेट डोक्यावरून हललं नाही, तेच घेतलं.