आंब्याचे कलम खड्ड्यात बसू देऊ नका : पावसाळी लागवडीपूर्वी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

मृगाचा पहिला पाऊस झाला की नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून आंब्याच्या कलमांसाठी आमच्याकडे विचारणा सुरू होते. त्यांत केशरची मागणी सर्वांत जास्त असते. कलम कसे निवडावे आणि दोन झाडांत किती अंतर ठेवावे, हे बहुतेक ग्राहकांना माहीत असते, म्हणून त्याविषयी येथे लिहिलेले नाही. मात्र ऑगस्ट उजाडला की एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते : लागवडीच्या वेळी टवटवीत असलेले कलम भर पावसात मान टाकून बसले आहे. अशा जागा आम्ही पाहिल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी कारण एकच निघाले आहे. कलमाचा जोड मातीखाली गेलेला असतो आणि त्याच्या बुंध्याशी पाणी साचलेले असते.

आमच्याकडील कलमांचा जोड पिशवीतील मातीच्या वर साधारण सहा इंचांवर असतो. जोडाच्या खाली रायवळ आंब्याच्या कोयीपासून वाढवलेला खुंट असतो आणि वर केशरची कलमकाडी असते. घरापुढे किंवा बांधावर तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा घेतला जातो, तळाशी पालापाचोळा टाकला जातो, त्यावर माती आणि शेणखत भरून कलम लावले जाते. लावताना जोड वर दिसत असल्यामुळे काम नीट झाले असेच सर्वांना वाटते. पण खड्ड्यातील माती भुसभुशीत असते, पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत ती दबते, आणि तळाचा पाचोळा कुजू लागला की आणखी खाली जाते. तीन फुटांचा खड्डा चार-पाच इंच बसणे ही नेहमीची गोष्ट आहे. लावतानाच कलम दोन इंच खोल गेले असेल आणि नंतर माती पाच इंच बसली, तर मधोमध वाटीसारखा खोलगट भाग तयार होतो. कडेची माती पाण्याबरोबर वाहत येऊन त्यात साचते आणि सहा इंचांवरचा जोड पंधरवड्यात दिसेनासा होतो.

जोड सतत ओल्या मातीत राहिला की तेथील साल कुजू लागते. कलमकाडी वाळते, खुंट मात्र बऱ्याचदा जिवंत राहतो आणि जोडाखालून नवीन धुमारे फेकतो. झाड सावरले या समाधानात ग्राहक तीच फूट वाढवतात. पाच-सहा वर्षांनी त्या झाडाला रायवळ फळे लागली की रोपवाटिकेने जात फसवून दिली असा समज होतो. त्यात रोपवाटिकेचा दोष नसतो आणि ग्राहकाची वर्षे मात्र वाया जातात. म्हणून कलम देताना आम्ही खुंटावर, जोडाच्या खाली, पिवळ्या रंगाचा ठिपका लावून देतो. तो ठिपका पावसाळा संपेपर्यंत जमिनीच्या वर दिसत राहिला पाहिजे, आणि ठिपक्याखाली येणारी प्रत्येक फूट कोवळी असतानाच बोटाने मोडून टाकली पाहिजे.

काळ्या जमिनीत खड्डा किती घ्यावा

निफाड, सिन्नर आणि दिंडोरीकडील बऱ्याच भागांत खोल काळी जमीन आहे, आणि आमच्याकडे कलमे मेल्याची तक्रार याच जमिनीतून जास्त येते. काळी चिकण माती पावसाने फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. अशा घट्ट जमिनीत मोठा खड्डा घेऊन तो सैल, खताळ मातीने भरला, तर आजूबाजूचे पाणी त्या खड्ड्यातच येऊन थांबते. खड्डा जितका मोठा तितके झाड चांगले, हा सल्ला मुरमाड जमिनीला लागू पडतो; चिकण जमिनीत तोच सल्ला कलमाला बुडवतो. ही गोष्ट आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो, कारण खड्डा काढण्यावर मजुरीही जाते आणि कलमही जाते.

आपल्या जमिनीत पाणी जिरते का, हे लागवडीपूर्वी पाहणे सोपे आहे. पहारीने फूटभर खोल खड्डा करावा, तो पाण्याने भरून जिरू द्यावा आणि लगेच पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तळाला पाणी दिसत असेल, तर तेथे मोठ्या खड्ड्याचा विचार सोडून द्यावा. त्याऐवजी सुमारे चार फूट रुंद आणि दीड फूट उंच मातीचा उंचवटा करावा आणि कलम त्यावर लावावे. अशा उंचवट्यासाठी वरच्या थरातील माती, थोडा मुरूम आणि दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत एवढे पुरते. खत सर्व मातीत नीट मिसळून घ्यावे, तळाशी त्याचा थर देऊ नये. ओले किंवा अर्धवट कुजलेले शेण मुळांजवळ कधीही टाकू नये. ते कुजताना तापते, आणि त्याकडे हुमणी व वाळवीही येतात.

त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाण्याकडील उताराच्या मुरमाड जमिनीत मात्र खड्डा तीन फुटांचाच घ्यावा, कारण तेथे खाली खडक असतो आणि मुळांना जागा करून द्यावी लागते. भरताना जमिनीच्या वर सहा ते आठ इंच माती ठेवावी, म्हणजे ती दबल्यावरही पातळी जमिनीच्या खाली जाणार नाही. शक्य असल्यास खड्डा भरल्यानंतर एक-दोन चांगले पाऊस जाऊ द्यावेत आणि मग कलम लावावे.

लागवड कधी करावी

आपल्या भागात पहिल्या सरींत कलम नेण्याची घाई फारशी उपयोगी नसते. वरची माती ओली दिसते, पण हातभर खाली ती अजून तापलेली आणि कोरडी असते. नाशिक, सिन्नर, येवला अशा कमी पावसाच्या पट्ट्यात आम्ही आर्द्रा संपत आल्यावर, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांत लागवड करण्याचा सल्ला देतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ यांसारख्या मुसळधार पावसाच्या भागात ऑगस्टच्या अखेरीस पावसाचा जोर ओसरल्यानंतर लावणे अधिक सुरक्षित असते. त्यामुळे काही ग्राहकांनी आगाऊ नोंदवलेली कलमे आम्ही मुद्दाम आमच्याकडेच सांभाळून ठेवतो. या काळाचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही. तांबूस, कोवळी पालवी असलेले कलमही आम्ही लगेच देत नाही. ती पाने गडद हिरवी होईपर्यंत थांबले, तर हलवल्यानंतर झाड लवकर सावरते. यावर काहींची नाराजी होते, पण त्याच कलमाला पुढच्या वर्षी किती धुमारे येतात हे पाहणारे ग्राहक पुन्हा आमच्याकडेच येतात.

लावताना

पिशवी कडेने उभी कापून पूर्ण काढावी. मुळांचा गोळा फुटू देऊ नये, मात्र पिशवीच्या तळाशी गोल फिरलेली मुळे असतील तर ती धारदार कात्रीने कापावीत. नाहीतर ती त्याच गोलात वाढत राहतात आणि पुढे झाड वाऱ्याने हलते. जोडावरील प्लॅस्टिकची पट्टी आम्ही बहुतेक कलमांवर आधीच काढलेली असते. राहिलेली दिसल्यास तीही काढावी, कारण बुंधा जाड होऊ लागला की ती सालीत रुतते. कलम अशा उंचीवर बसवावे की पिशवीतील मातीचा वरचा भाग भोवतालच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच राहील. माती पायाने तुडवू नये, हाताने दाबून एकदा भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मोकळ्या जागा भरून येतात. पावसाळ्यात बुंध्याभोवती आळे करू नये. माती बुंध्याकडून बाहेर उतरती ठेवावी आणि आळे दिवाळीच्या सुमारास, पाऊस थांबल्यावर करावे. तेही बुंध्यापासून फूटभर लांब. आधाराची काठी मुळांच्या गोळ्याच्या बाहेर रोवावी आणि सुतळीने सैल बांधावे.

कलम मान टाकू लागले तर

मान टाकलेले झाड पाहिले की पहिला हात पाण्याच्या नळीकडे जातो. त्यापूर्वी बुंध्यापासून वीतभर अंतरावर माती उकरून पाहावी. ओल असूनही पाने लोंबत असतील, मातीला आंबट वास येत असेल आणि बारीक मुळे काळी पडून त्यांची साल चिमटीत सरकत असेल, तर झाड तहानलेले नसून पाण्याखाली घुसमटलेले आहे. पांढरट, घट्ट मुळे दिसली तर मूळ शाबूत आहे.

मागील पावसाळ्यात निफाडकडील एका ग्राहकाने असेच सुकलेले कलम घेऊन येण्याऐवजी आम्हाला छायाचित्र पाठवले. पिवळा ठिपका दिसत नव्हता आणि भोवती पाण्याचा गोल दिसत होता. आम्ही त्यांना लगेच खड्ड्यापासून बाहेर एक चर काढून पाणी वाहते करायला सांगितले. नंतर बुंध्यावरची माती जोड उघडा होईपर्यंत हाताने बाजूला केली गेली. सालीवर नखाने हलकेच खरवडल्यावर आत हिरवे दिसले, म्हणून लागवडीला तीन आठवडेच झालेले असल्यामुळे कलम मुळांच्या गोळ्यासकट उचलून, खाली माती भरून, ते अर्धा फूट वर बसवले गेले. त्याची काही पाने गळली, पण ऑक्टोबरपर्यंत नवी पालवी आली. सालीखाली सगळे तपकिरी झाले असते, तर उचलण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नव्हता. एक महिना उलटल्यावर मुळे खड्ड्यात पसरतात, तेव्हा झाड उचलण्याऐवजी बुंधा उघडा करून चर काढणे हाच उपाय उरतो.

याच कारणाने आमची बदली कलमाची अट थोडी कडक वाटू शकते. लागवडीनंतर तीन महिन्यांच्या आत कलम वाळले आणि पाठवलेल्या छायाचित्रात जोड व पिवळा ठिपका जमिनीच्या वर स्पष्ट दिसत असला, तर आम्ही दुसरे कलम मोफत देतो. जोड पुरलेला असल्यास दुसरे कलम निम्म्या किमतीत मिळेल. रस्त्यावर गाडीतून विकली जाणारी कलमे आमच्यापेक्षा स्वस्त असतात हे आम्हाला मान्य आहे. आमच्या किमतीत वर्षभर वाढवलेले, जोड पक्का झालेले, पट्टी काढलेले रोप, मातीविषयीचा सल्ला आणि वर लिहिलेली बदली, एवढे सर्व समाविष्ट आहे. सहा फुटी उंच रोपे आम्ही मुद्दाम ठेवत नाही, कारण लहान पिशवीतील मुळे उंच झाडाचा भार पेलत नाहीत.

खरेदीला येताना आपल्या जमिनीतील फूटभर खोलीची मूठभर माती आणि वर सांगितलेल्या खड्ड्यात किती वेळात पाणी जिरले, एवढी माहिती घेऊन यावे. त्यावरून खड्डा की उंचवटा, हे आम्ही काही मिनिटांत सांगू शकतो. जास्त कलमे असतील तर जागा पाहण्यासाठी आमचा माणूसही येतो. त्यासाठी पुष्य नक्षत्राच्या आधी नोंद करावी, कारण त्यानंतर कलमे पोहोचवण्याच्या कामात त्याला फुरसत मिळत नाही.