चौकशीत कर्मचाऱ्याच्या बाजूनं कोण बोलणार?

खातेनिहाय चौकशीत आरोपपत्र मिळतं, उत्तर द्यायला मुदत मिळते, सुनावणीची तारीखही ठरते. तरी वाद उरतोच: कर्मचाऱ्याच्या वतीनं बोलायचं कुणी? या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निकाल मुंबईच्या गोदीतून आला.

तेव्हाच्या बॉम्बे पोर्ट ट्रस्टनं एका कर्मचाऱ्याविरुद्ध चौकशी लावली आणि आपली बाजू मांडायला स्वतःचे विधी अधिकारी सादरकर्ता म्हणून नेमले. कर्मचाऱ्यानं वकील मागितला, तो नाकारला गेला. म्हणजे साक्षीदाराला नेमका प्रश्न विचारण्याचं, कागद पुराव्यात आणण्याचं शिक्षण एकाच बाजूकडे होतं. कर्मचाऱ्याला उलटतपासणीची परवानगी होती, पण ती घेता यायला हवी ना! मुंबई उच्च न्यायालयानं ही कारवाई रद्द केली आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. मालकाच्या बाजूनं कायद्याचा जाणकार बसला असेल, तर मागणी करूनही कर्मचाऱ्याला वकील न देणं नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे, असा त्याचा गाभा.

पुढे याचा अर्थ फार ताणला गेला. वकील हा प्रत्येकाचा हक्कच, असं युनियनच्या बैठकांतून सांगितलं जाऊ लागलं. तसं नाही. 1992 मध्ये क्रेसेंट डाइज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हवा तो प्रतिनिधी मिळण्याचा सरसकट हक्क नाही. स्थायी आदेश किंवा सेवानियम मर्यादा घालू शकतात. म्हणून आधी नियम वाचावा, मग समोरचा सादरकर्ता कोण आहे ते पाहावं. तो विधी पदवीधर असेल, तर वकिलाची मागणी पहिल्याच तारखेला लेखी करावी आणि अर्ज नाकारल्याची नोंद कारणासकट रोजनाम्यात घ्यायला लावावी. तोंडी मागणी पुढे सिद्ध करणं अवघड जातं, आणि बरीच प्रकरणं इथेच कच्ची राहतात.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठी मात्र वेगळी वाट निवडली गेली. 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि 1981 ची नियमावली यांनी समतोल थेट निर्णय देणाऱ्यांत आणला. शिक्षकाच्या चौकशीसाठी तिघांची समिती असते: एक व्यवस्थापनाचा, एक शिक्षकानं सुचवलेला खासगी शाळेचा कर्मचारी आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आपला माणूस सुचवायला शिक्षकाला 15 दिवस मिळतात. ते हातचे गेले, तर चौकशी त्याच्या सदस्याविना पुढे सरकू शकते.

इथे बिघडतं ते शेवटच्या टप्प्यावर. दोघं एक अहवाल लिहितात, तिसरा वेगळा पाठवतो आणि व्यवस्थापन पहिल्यावर बडतर्फीचं पत्र काढतं. तिघांनी एकत्र बसून विचारविनिमय करून निष्कर्ष काढायला हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे शाळा न्यायाधिकरणात अपील करताना, त्याची मुदत 30 दिवस, समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तिला कोण हजर होतं, हे इतिवृत्तात आधी पाहावं.