ऑटो बॅटलर

ऑटो बॅटलर हा व्हिडिओ गेमचा एक प्रकार. यात बहुतेक वेळा 8 खेळाडू असतात, प्रत्येकजण दुकानातून युनिट विकत घेतो, बोर्डवर मांडतो आणि मग लढाई आपोआप होते, लढाई चालू असताना हाताला काही काम नसतं. हरलात की हेल्थ कमी होते, शेवटी जो उरतो तो पहिला. इथे मुख्यतः रायट गेम्सच्या टीमफाइट टॅक्टिक्स (पुढे टीएफटी) वरून माहिती दिली आहे, कारण दुकान, सिनर्जी म्हणजे एकत्र ठेवलेल्या युनिटना मिळणारा बोनस, आणि जोड्या म्हणजे कोण कोणाशी लढतो, या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा अडकतात ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

उगम

उगमावर थोडा वाद आहे. जानेवारी 2019 मध्ये ड्रोडो स्टुडिओ या चिनी गटाने डोटा 2 या गेमवर डोटा ऑटो चेस नावाचा मॉड, म्हणजे मूळ गेम बदलून केलेला नवा खेळ, काढला आणि हा प्रकार जगभर पसरला, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. वाद त्याच्या मागच्या काळाचा. काही जण मूळ वॉरक्राफ्ट 3 साठी खेळाडूंनी बनवलेल्या कस्टम मॅपांमध्ये शोधतात, तिथे पोकेमॉन डिफेन्सचं नाव नेहमी निघतं आणि कधी कधी लीजन टीडीचंही, कारण त्यातही युनिट मांडून द्यायचे आणि ती स्वतःच लढायची. दुसरं मत माहजोंग या चिनी सोंगट्यांच्या खेळाकडे बोट दाखवतं: सगळ्यांनी एकाच साठ्यातून सोंगट्या उचलायच्या, सारख्या सोंगट्यांचे संच जमवायचे, आणि दुसऱ्याने काय धरून ठेवलंय याचा अंदाज घेत खेळायचं. दोन्ही मतं एकमेकांच्या विरोधात नाहीत खरं तर. आपोआप लढणं कस्टम मॅपांतून आलं असावं. पण या प्रकाराला वेगळं करणारी गोष्ट म्हणजे सगळ्या खेळाडूंचा युनिटचा सामायिक साठा, आणि तिच्यासाठी माहजोंगचा धागा जास्त पटतो. त्या कस्टम मॅपांसारख्या टॉवर डिफेन्समध्ये शेजाऱ्याने एखादा टॉवर बांधला म्हणून तुमच्याकडचा टॉवर संपत नाही, इथे युनिट संपतं.

2019 च्या जूनमध्ये व्हॉल्वचा डोटा अंडरलॉर्ड्स आणि रायटचा टीएफटी पाठोपाठ आले, नोव्हेंबरात ब्लिझर्डचा हार्थस्टोन बॅटलग्राउंड्स.

सिनर्जी

प्रत्येक युनिटला दोन-तीन ट्रेट असतात, म्हणजे ते ज्या गटांत मोडतं ते गट. एकाच ट्रेटची वेगवेगळी युनिट ठराविक संख्येत बोर्डवर आली की बोनस चालू होतो. एकच युनिट दोनदा ठेवलं तर ते एकच धरतात, हे नवखे लोक हमखास विसरतात. बोनस पायऱ्यांनी वाढतो आणि मधल्या संख्येला काहीच मिळत नाही. टीएफटीच्या पहिल्या सेटमधला, म्हणजे युनिट आणि ट्रेटच्या पहिल्या संचातला, नोबल ट्रेट घ्या. 3 नोबल असले की टीममधल्या कोणत्यातरी एकालाच आर्मर आणि दर हल्ल्यामागे थोडी हेल्थ मिळायची, 6 झाले की अख्ख्या टीमला. 4 किंवा 5 नोबल म्हणजे 3 इतकंच.

आता ही 6 युनिट कोणती? गॅरेन, फिओरा आणि वेन 1 गोल्डचे, लुसियन 2 चा, लिओना 4 ची आणि केल 5 ची. म्हणजे पहिली पायरी जवळपास फुकट पण शेवटची दोन युनिट महाग असल्याने लवकर दुकानात दिसतच नाहीत. बोर्डवर किती युनिट ठेवता येतात ते लेवलवर ठरतं, त्यामुळे लेवल 6 ला सहाही जागा नोबलला दिल्या की दुसऱ्या मोठ्या ट्रेटला जागाच उरत नाही. गॅरेन आणि केल दोघांना नाइट हा ट्रेटही असल्याने तेवढा 2 नाइटचा बोनस आपसूक यायचा. बरेच जण 5 नोबल घेऊन केलची वाट बघत बसायचे आणि तोपर्यंत हेल्थ संपायची. उलट निन्जा ट्रेट होता, तो 1 ला चालू व्हायचा, 2 आणि 3 ला बंद आणि 4 ला परत चालू, म्हणजे एखादं निन्जा युनिट जास्त घेतलं तर नुकसान.

दुकान

दुकानात एका वेळी 5 युनिट दिसतात. आवडली नाहीत तर 2 गोल्ड देऊन रीरोल, म्हणजे दुकानात नवी युनिट, किंवा 4 गोल्डला 4 एक्सपी घेऊन लेवल वाढवायची. 3 सारखी युनिट मिळून त्याच युनिटचं जास्त ताकदीचं 2 स्टार रूप, 9 मिळून 3 स्टार. हातात राखलेल्या दर 10 गोल्डमागे राउंडला 1 गोल्ड व्याज, जास्तीत जास्त 5, म्हणून 50 च्या वर राहून फक्त वरचे पैसे रीरोलला घालायची पद्धत रूढ झाली, तिला स्लो रोल म्हणतात.

साठा मात्र आठही जणांचा एकच. बराच काळ 1 गोल्डच्या प्रत्येक युनिटच्या 29 प्रती असायच्या, 4 गोल्डच्याच्या 12 आणि 5 गोल्डच्याच्या 10. आकडे सेटगणिक बदलत आलेत, तत्त्व तेच. समजा 1 गोल्डची 13 युनिट आहेत आणि तुम्ही लेवल 5 ला आहात, जिथे प्रत्येक खान्यात 1 गोल्डचं युनिट यायची शक्यता 45 टक्के होती. तुमच्याकडे एका युनिटच्या 6 प्रती आहेत, 3 हव्यात. दुसरं कोणी ते घेत नसेल तर साठ्यात 23 उरल्या, आणि 3 प्रती मिळायला ढोबळ हिशोबाने 43 गोल्डचे रीरोल लागतात. आणखी एकाकडे 6 असतील तर उरल्या 17 आणि खर्च 57 च्या आसपास (बाकीच्यांनी इतर कोणती युनिट उचलली ते इथे सोडून दिलंय, त्याने आकडा थोडा खाली येतो). 14 गोल्डचा फरक म्हणजे जवळपास तीन राउंडचं पूर्ण व्याज. 4 गोल्डच्या युनिटला तर सरळ गणित: 12 पैकी 4 दुसऱ्याकडे गेल्या की तुमचा 3 स्टार अशक्य, तो विकेपर्यंत किंवा बाद होईपर्यंत. बाद झालेल्याची युनिट साठ्यात परत येतात.

म्हणून दुसऱ्यांचे बोर्ड बघणं, म्हणजे स्काउटिंग, गरजेचं. सलग बरेच रीरोल करून हवं ते युनिट एकदाही दिसलं नाही तर नशिबाला शिव्या देण्याआधी इतरांच्या बेंचवर, म्हणजे बोर्डबाहेर राखून ठेवलेल्या युनिटवर, नजर टाकावी, बहुतेकदा ते तिथेच सापडतं.

राउंड आणि जोड्या

डोटा ऑटो चेसमध्ये तुमच्यासमोर प्रतिस्पर्ध्याच्या बोर्डाची नक्कल यायची. तुम्ही त्याच्या नकलेशी लढत असताना तो तिसऱ्याच कोणाशी लढत असायचा, त्यामुळे तुम्ही जिंकलात तरी त्याची हेल्थ जात नव्हती. टीएफटीत दोघं खरोखर समोरासमोर येतात, एकजण दुसऱ्याच्या बोर्डवर जातो, आणि हरणाऱ्याला राउंडच्या टप्प्यानुसार व जिवंत उरलेल्या शत्रू युनिटनुसार मार बसतो. नुकताच भेटलेला खेळाडू लगेच परत येऊ नये अशी सोय असते. त्यामुळे पुढे कोण येईल हे नक्की कळत नाही पण कोण येणार नाही ते बरंचसं कळतं, आणि अनुभवी खेळाडू त्या उरलेल्यांकडे बघूनच मांडणी करतात: त्यांच्यात मागच्या रांगेवर उडी मारणारे असॅसिन असतील तर मुख्य मारा करणारं युनिट नेहमीच्या कोपऱ्यातून हलवतात.

संख्या विषम झाली की एकाला जोडीदार उरत नाही, त्याच्यासमोर कोणाच्यातरी बोर्डाचं भूत, म्हणजे नक्कल, येतं. भूत हरलं तरी मूळ मालकाला काही होत नाही. तिघं उरले की हा प्रसंग प्रत्येक राउंडला येतो. बॅटलग्राउंड्समध्ये हे काम केल'थुझाड नावाचं पात्र करतं, ते सगळ्यात अलीकडे बाद झालेल्या खेळाडूची फौज घेऊन उभं राहतं. ती फौज तिथेच थांबलेली असल्याने पुढेपुढे हा सामना सोपा होत जातो आणि तो कोणाच्या वाट्याला येतो यावर कधी कधी एखादी जागा वर-खाली होते.

सुपर ऑटो पेट्सच्या (2021) अरेना मोडमध्ये एकाच वेळी 8 जण जमायची गरजच नसते, समोर त्याच टर्नला कोणीतरी साठवून ठेवलेली टीम येते. साहजिकच तिथे सामायिक साठाही नाही.