दहा ओव्या जोडीच्या आणि अकरावी एकटी: मूलभूत कर्तव्यांच्या गाण्यामागची गोष्ट

आमच्या पलूस भागात अजूनही एखाद्या घरात म्हातारी आजी भेटते जिला जात्यावरच्या ओव्या येतात, आणि त्यातली "पहिली माझी ओवी", "दुसरी माझी ओवी" अशी मोजत जाणारी पद्धत ऐकली की लगेच कळतं की हे पाठांतराचं किती पक्कं साधन आहे. ओवीच्या तोंडालाच नंबर असतो, त्यामुळं मधली एखादी विसरली तरी कितवी विसरली ते समजतं. मी सातवी-आठवीला नागरिकशास्त्र शिकवतो आणि मूलभूत कर्तव्यं पाठ करून घ्यायची म्हटल्यावर हाच साचा घेतला. पण अकरा ओळी बांधताना एक अडचण आली, आणि ती अडचण समजायला थेट 1976 पर्यंत मागं जावं लागतं.

मूळ संविधानात, म्हणजे 1950 ला लागू झालेल्या, हक्क होते पण नागरिकांच्या कर्तव्यांची वेगळी यादी नव्हती. आणीबाणीच्या काळात 1976 ला सरदार स्वर्णसिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिनं आठ कर्तव्यं सुचवली, आणि सोबत असंही सुचवलं की पाळली नाहीत तर शिक्षेची तरतूद असावी आणि कर भरणं हेही कर्तव्य असावं. या दोन्ही गोष्टी स्वीकारल्या नाहीत. मग 42 व्या घटनादुरुस्तीनं भाग 4 क आणि त्यात अनुच्छेद 51 क आला, त्यात आठ नाही तर दहा कर्तव्यं होती, आणि 3 जानेवारी 1977 पासून ती लागू झाली.

आता दहा हा आकडा मराठी शाळेच्या दृष्टीनं फार सोयीचा. पाठ्यपुस्तकाच्या सुरवातीच्या पानावर ही यादी (क), (ख), (ग) अशा अक्षरांनी छापलेली असते. क ख ग घ ङ झाली पाच, च छ ज झ ञ झाली पाच, म्हणजे मुळाक्षरांच्या तक्त्यातल्या व्यंजनांच्या पहिल्या दोन ओळी बरोबर भरल्या. आणि गाणं करायचं तर दोन-दोन ओळींचं यमक जुळवत पाच जोड्या, एकही ओळ एकटी राहत नाही.

मग 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीनं अकरावं आलं, ते अक्षर (ट). सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे आईवडिलांचं किंवा पालकाचं कर्तव्य. त्याच दुरुस्तीनं अनुच्छेद 21 क म्हणजे शिक्षणाचा हक्क पण आणला, आणि ही दुरुस्ती प्रत्यक्षात लागू झाली 1 एप्रिल 2010 ला, शिक्षण हक्क कायद्यासोबत. म्हणून कुणी 2002 सांगतं कुणी 2010, मुलं गोंधळतात. मंजुरीचं साल पहिलं आणि अंमलाचं दुसरं, एवढं सांगितलं की गोंधळ मिटतो.

आम्ही वर्गात जुळवलेलं गाणं असं आहे.

पहिली ओवी संविधानाची, झेंडा-राष्ट्रगीता मान
दुसरी ओवी लढ्याच्या ध्येयांची, त्यांचं मनी ठेवू भान

तिसरी ओवी एकतेची, सार्वभौमत्व राखू नीट
चौथी ओवी हाक येता, देशसेवेला उभं धीट

पाचवी ओवी बंधुभावाची, बाईच्या माना न लागो धक्का
सहावी ओवी वारशाची, संमिश्र संस्कृतीचा ठेवा पक्का

सातवी ओवी झाडं-नद्यांची, मुक्या जिवांवर करू दया
आठवी ओवी विज्ञानदृष्टीची, प्रश्न विचारू, लावू माया

नववी ओवी एसटी-शाळेची, तोडफोड नको, नको मारामारी
दहावी ओवी उत्कर्षाची, झेप घेऊ सदा भारी

अकरावी ओवी आई-बाबांची, सहा ते चौदा लेकरं शाळेत धाडा

पहिल्या दहा ओळींत "आपण" बोलतोय. अकरावीत बोलणारा बदलतो, कारण हे कर्तव्य मुलांचं नाहीच, त्यांच्या घरच्यांचं आहे. आधी मी तिथंही "शाळेत जाऊ" असं लिहिलं होतं, चालीत छान बसत होतं, पण मग मुलं परीक्षेत "शाळेत जाणं हे विद्यार्थ्याचं मूलभूत कर्तव्य" असं लिहायला लागली आणि ते चूक आहे. म्हणून यमक नसलं तरी चालेल पण "धाडा" हेच ठेवलं. ती ओळ एकटी राहते आणि एकटी राहिल्यामुळंच लक्षात राहते, ही मागाहून आलेली आहे हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

ओळ छोटी करताना काय गळतं याकडं मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. पाचव्या कर्तव्यात दोन गोष्टी आहेत, धर्म, भाषा, प्रदेश असले भेद ओलांडून बंधुभाव वाढवणं आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं. आमच्या पहिल्या मसुद्यात फक्त "बंधुभाव" राहिला होता आणि बायकांचा भाग कुणाच्या लक्षातही आला नाही, हे मला फार लागलं, म्हणून ती ओळ लांबली तरी लांबू दिली. सातव्यात प्राणिमात्रांवरची दया सुटते, नुसतं "झाडे लावा" उरतं. आठव्यात विज्ञान राहतं आणि मानवतावाद जातो, त्यासाठी "माया" घातली. सुधारणावादाला मात्र जागा झाली नाही, तो तोंडी सांगावाच लागतो.

उलटी चूक म्हणजे यादीत नसलेलं घुसणं. मुलांना स्वतः ओळी करायला दिल्या तर "कर भरू" आणि "मतदान करू" हमखास येतं. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत पण 51 क मध्ये नाहीत, आणि कर भरण्याची तर शिफारस होऊनही ती घेतली गेली नाही, हे सांगितलं की मग मुलं ते विसरत नाहीत.

अक्षरांचाही एक सापळा आहे. ङ आणि ञ रोजच्या लिहिण्यात येत नाहीत, मग मुलं मोजताना ती गाळतात आणि क ख ग घ च असं म्हणून च ला पाचवं करून बसतात, मग पुढचं सगळं घसरतं. पर्यावरणाचं अक्षर विचारलं आणि उत्तर "ज" आलं की समजायचं ङ गाळलाय. ते आहे (छ). म्हणून मी गाणं वरून खालपर्यंत म्हणून घेत नाही, तसं तर सगळ्यांनाच येतं, मधूनच विचारतो, "सहावी कुठली, तिचं अक्षर काय?" वारसा आणि (च) हे दोन्ही आलं तर पाठ झालं.

दुसरी ओवी मात्र गाण्यानं पुरी होत नाही, "लढ्याची ध्येयं" म्हणजे काय हे मुलांना हवेतलं वाटतं. तिथं मी थांबतो आणि कुंडलचं नाव घेतो, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मातीत चाललं, लोकांनी स्वतःची न्यायव्यवस्था उभी केली, आणि मग एखादा पोरगा हमखास म्हणतो, "सर, आमचं पणजोबा त्यात होतं." त्या दिवशी दुसरी ओवी त्याच्याकडूनच म्हणून घेतो.