जंगलात पानं किती? उजेडावरून मोजलं तर उत्तर कमी का येतं

सॅटेलाइटचा हिरवागार नकाशा आणि खाली 'जंगल वाढलं' असं लिहिलेला फॉरवर्ड पुन्हा आला, म्हणून लिहितोय. वरून दिसणारा हिरवा रंग पानांचे दोन-तीन थर झाले की जवळजवळ वाढायचा थांबतो, त्यामुळे एकसुरी लागवड आणि दाट जुनं जंगल वरून सारखंच हिरवं दिसू शकतं. हिरवेपणाचा नकाशा म्हणजे जंगलाचा हिशोब नव्हे.

खरा आकडा म्हणजे लीफ एरिया इंडेक्स, म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पानं आहेत (पानाची एकच बाजू धरायची). कोस्टा रिकातल्या ला सेल्वा वर्षावनात संशोधकांनी टॉवर उभारून जमिनीपासून शेंड्यापर्यंत सगळी पानं तोडून मोजली, आणि 2008 मध्ये उत्तर छापलं, सरासरी 6.

पण प्रत्येक ठिकाणी पानं कोण तोडत बसणार? म्हणून खाली उभं राहून उजेड मोजतात आणि उलटा हिशोब करतात. सूत्र 1953 मध्ये मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी दिलं:

I = I₀ · e^(−kL)

I₀ वरचा उजेड, I खाली पोचलेला, L म्हणजे आपला इंडेक्स, आणि k पानं किती आडवी-तिरकी आहेत त्यावर ठरतो. k 0.5 धरला तर प्रत्येक थर आलेल्या उजेडातला साधारण 61 टक्के खाली सोडतो, म्हणजे 61, मग 37, मग 22, असं करत सहाव्या थराखाली 5 टक्के.

आता खरी गंमत. समजा दोन जागा आहेत, एकीकडे फट असल्यामुळे 50 टक्के उजेड येतो, दुसरीकडे गर्द सावलीत 2 टक्के. हाच k धरून दोन्हीकडचा इंडेक्स वेगवेगळा काढला तर 1.4 आणि 7.8, सरासरी 4.6. पण आधी उजेडाची सरासरी घेतली (26 टक्के) आणि मग सूत्रात टाकली तर 2.7 येतं! पानं तेवढीच, पण उत्तर जवळपास 40 टक्क्यांनी कमी, कारण फटीतला उजेड सरासरीवर भारी पडतो आणि सूत्र उलटं करताना येणारा लॉगरिदम तो अन्याय दुरुस्त करू शकत नाही. जंगलात पानं झुपक्याझुपक्यानेच असतात, आणि खालून वर बघत सगळं आकाश टिपणारा फिशआय फोटो किंवा सेन्सरच्या एकाच रीडिंगमध्येही अशा फटी आणि झुपके एकत्र येतात, म्हणून ला सेल्वातही या पद्धतींनी तोडलेल्या पानांपेक्षा कमी आकडा दिला.

दुसरी अडचण अगदी खालच्या अंधारात येते. तिथे उजेड 1 टक्का आहे की 2, एवढ्याशा फरकानेही इंडेक्स 9.2 वरून 7.8 वर येतो. आणि उन्हाचा एखादा कवडसा नेमका सेन्सरवर पडला तर ते रीडिंग टाकूनच द्यावं लागतं. म्हणून ही मोजमापं ढगाळ आकाशात किंवा सूर्य क्षितिजाजवळ असताना घेतात, आणि त्याच वेळी दुसरा सेन्सर बाहेर मोकळ्या जागेत चालू ठेवतात, म्हणजे आकाशाचा उजेड मध्येच बदलला तरी I₀ चुकत नाही.