पंपाचे प्रायमिंग आणि एअरलॉक

सेंट्रिफ्यूगल पंप सुरू करण्यापूर्वी त्याच्या पाणी आत आणणाऱ्या सक्शन पाइपमधील आणि पंख्याभोवतीच्या केसिंगमधील हवा काढून तेथे पाणी भरण्याच्या क्रियेला प्रायमिंग म्हणतात. पंपात किंवा नळमार्गात एखाद्या जागी हवा अडकून पाण्याचा प्रवाह मंदावला किंवा थांबला, तर त्या स्थितीला एअरलॉक म्हणतात. विहिरीच्या काठावर किंवा कोठ्यावर बसवलेला नवा पंप, तसेच काही दिवस बंद राहिलेला जुना पंप, मोटर पूर्ण वेगाने फिरत असूनही पाणी उचलत नाही. अशा वेळी बहुधा मोटरला दोष दिला जातो, परंतु मोटर तिचे काम चोख करत असते. फक्त पंपाच्या पंख्याला पाण्याऐवजी हवा मिळालेली असते.

पंप पाणी ‘खेचतो’ ही समजूत येथे दिशाभूल करते. पाण्याला वरून धरून ओढता येत नाही. पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्याच्या पृष्ठावर असलेला वातावरणाचा दाब ते पाणी सक्शन पाइपमधून वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे 10.3 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो, पुण्याच्या उंचीवर तो सुमारे 9.7 मीटर आणि महाबळेश्वरला साधारण 8.8 मीटर भरतो. पाइपमधील घर्षण, त्याच्या तळाशी बसवलेल्या फूटव्हॉल्व्ह या झडपेचा अडथळा आणि पंख्याच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ नये म्हणून राखायचा दाब वजा जाता प्रत्यक्षात सहा-सात मीटरच हाती उरतात. गॅलिलिओने 1638 मध्ये छापलेल्या ग्रंथात चोषण पंपाच्या या मर्यादेची नोंद केली होती. तिचे कारण वातावरणाच्या वजनात आहे, हे त्यानंतर काही वर्षांतच इटालियन शास्त्रज्ञ टोरिचेल्लीने दाखवून दिले.

आता प्रश्न असा की, पंख्याने आधी हवाच बाहेर फेकून दाब का कमी करू नये? याचे उत्तर पंपाच्या हेडमध्ये, म्हणजे तो जितक्या उंच स्तंभाचा दाब देतो त्या उंचीमध्ये आहे. ठरावीक वेगाने फिरणारा इम्पेलर, म्हणजे पंपाचा पंखा, त्याच्यात जो पदार्थ असेल त्याला केंद्राकडून कडेला फेकतो आणि त्याच पदार्थाच्या ठरावीक उंचीच्या स्तंभाइतका दाब निर्माण करतो. पंपाच्या पाटीवर हेड 25 मीटर लिहिलेले असेल, तर पाण्याने भरलेला पंप 25 मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब देईल आणि हवेने भरलेला पंप 25 मीटर हवेच्या स्तंभाचा. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे-नऊशे पट हलकी असल्यामुळे 25 मीटर हवेचा स्तंभ म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर पाणी. पाणी पाच मीटर खाली असलेल्या विहिरीवर असा कोरडा पंप तासभर चालवला, तरी सक्शन पाइपातील पाणी तीन बोटेही वर चढणार नाही. मोठी मोटर बसवून हे साधत नाही, कारण उणीव ताकदीची नसून पंख्यातल्या पदार्थाच्या घनतेची आहे.

दट्ट्याच्या पंपाचे तसे नसते. त्यातला दट्ट्या प्रत्येक फेरीला नळीतील काही हवा मोजून बाहेर काढतो, म्हणून वॉशर घट्ट बसत असेल तर तो हळूहळू पाणी वर आणतो. जमिनीवर सिलिंडर असलेल्या जुन्या हापशात तांब्याभर पाणी ओतत, ते मुख्यतः सुकलेले चामडी वॉशर ओले होऊन हवाबंद व्हावे म्हणून. खेडोपाडी बसवलेल्या इंडिया मार्क 2 हापशाचा सिलिंडर पाण्याखालीच असल्याने त्याला तेवढीही गरज लागत नाही. पाण्यात बुडालेल्या सबमर्सिबल पंपाचे प्रायमिंग करावे लागत नाही, तेही याच कारणाने.

सक्शन पाइपच्या तळाशी जाळीसह बसवलेल्या एकमार्गी झडपेला फूटव्हॉल्व्ह म्हणतात. शेतकऱ्यांच्या बोलण्यात तिचे सर्रास ‘फुटबॉल’ झालेले आहे. पंप बंद झाल्यावर पाणी विहिरीत परत जाऊ न देणे एवढेच तिचे काम. तिच्या पट्टीत काडी, शेवाळाचा गोळा किंवा खडा अडकला, किंवा तिचे रबर वा चामडे झिजले, की पाणी थेंबथेंब उतरू लागते. पंपातून पुढे पाणी नेणारा डिलिव्हरी पाइप वर भरलेला असेल, तर आधी त्यातले पाणी उतरते आणि नंतर केसिंगचे, म्हणून रात्री चालू असलेला पंप सकाळी लगेच चालतो, पण चार दिवसांनी चालत नाही. फट मोठी असेल, तर वीज तासभर गेली तरी पाइप रिकामा होतो.

कोठ्यावरचा पाच अश्वशक्तीचा, मोटर आणि पंप एकत्र असलेला मोनोब्लॉक, तीन इंची सक्शन पाइप आणि पंपापासून पाच मीटर खाली पाणी, अशी विहीर घेऊ. तीन इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण पाच लिटर पाणी मावते. पाण्यावरचा उभा पाइप पाच मीटर आणि वरचा आडवा तुकडा एक मीटर धरला, तर तीस लिटर आणि केसिंगसाठी आणखी चार-पाच लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या पाणी लागेल. मोटरचा मेन स्विच बंद करावा. केसिंगच्या माथ्यावरील प्लग किंवा एअर कॉक उघडून नरसाळ्याने पाणी हळूहळू ओतावे, म्हणजे उलट येणाऱ्या हवेला वाट मिळते. भसाभसा ओतल्यास नरसाळे लगेच भरून येते आणि पंप भरल्याचा भास होतो, खाली मात्र हवा तशीच राहते. बुडबुडे थांबल्यावर मोटरचा शाफ्ट हाताने दोन-चार वेळा फिरवावा. पंख्याच्या पात्यांमध्ये दडलेली हवा त्यामुळे सुटते आणि पातळी पुन्हा थोडी खाली जाते. ती भरून काढून प्लग घट्ट करावा, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप सुरू करावा आणि प्रेशर गेजचा काटा चढल्यावर व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. अर्ध्या मिनिटात काटा हलला नाही, तर पंप थांबवून पुन्हा भरणे बरे.

ओततानाच अर्धे निदान होते. दोन बादल्यांचा हिशेब असताना चौथी बादलीही गडप झाली किंवा भरलेली पातळी डोळ्यांदेखत खाली जात राहिली, तर फूटव्हॉल्व्ह गळतो आहे, असे समजावे. अशा वेळी शेणाचा पातळ काला पंपात ओतण्याची जुनी रीत आहे. त्यातले तंतू झडपेच्या फटीत बसून गळती तात्पुरती थांबते आणि त्या दिवसाचे भिजणे निभावते. तिला कमी लेखण्याचे कारण नाही, मात्र झडप वर काढून साफ करण्याला तो पर्याय नव्हे आणि पाणी पिण्यासाठी जाणार असेल तर तो मार्ग वर्ज्यच.

पातळी तासभर टिकते, पंप सुरूही होतो, पण काही मिनिटांत धार तुटक होऊन थांबते, ही तक्रार वेगळी आहे. यात दोष फूटव्हॉल्व्हचा नसून पंपाचे तोंड आणि पाण्याची पातळी यांमधील एखाद्या सांध्याचा असतो. पंप बंद असताना पाइपमध्ये पाणी भरले की त्या सांध्यावर आतून दाब येतो आणि पाणी फारसे झिरपत नाही; पंप चालू झाला की तेथे वातावरणापेक्षा कमी दाब असतो आणि ज्या बारीक फटीतून पाणी बाहेर येत नव्हते, तिच्यातून हवा आत जाते. ही गळती डोळ्यांना दिसत नसल्याने लोक दिवसेंदिवस चुकीच्या ठिकाणी शोधत बसतात. चालू पंपाच्या फ्लँजला आणि प्रत्येक सांध्याला ओल्या मातीचा लेप एकेक करून लावत जावे. ज्या लेपाने धार सुधारते, तो सांधा दोषी. पॅकिंग बदलेपर्यंत सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली तरी काम चालते. शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो तेथील पंपाचा ग्लँड हाही संशयित असतोच. चालू पंपाच्या ग्लँडमधून थेंबथेंब पाणी पडत राहिले पाहिजे. तो कोरडा दिसत असेल आणि पंप हवा घेत असेल, तर आतली दोरी बदलावी लागते. उन्हाळ्यात पातळी उतरून फूटव्हॉल्व्हवर हातभरच पाणी उरले असेल, तर भोवरा होऊन हवा सरळ झडपेतून शिरते.

आत शिरलेली हवा पाण्याबरोबर बाहेर का फेकली जात नाही, याचे कारणही पंख्याच्या फिरण्यातच आहे. फिरणारा इम्पेलर जड पाणी कडेला आणि हलकी हवा मध्याकडे असे दोन भाग पाडतो, जसे रवीने घुसळताना ताक कडेला धावते आणि मध्ये पोकळी पडते. थोडी हवा पाण्याबरोबर निघून जाते व फक्त धार कमी होते. हवेचे प्रमाण काही टक्क्यांवर गेले की मध्यावरचा बुडबुडा वाढत जाऊन पंख्याचे तोंड अडवतो आणि पाण्याची साखळी तुटते. पंपातले एअरलॉक म्हणतात ते हेच. सक्शन पाइप पंपाकडे सतत चढता ठेवावा, त्यात उंचवटा येऊ देऊ नये, हा नियम त्यासाठीच आहे, कारण उंचवट्यावर साठलेली हवा प्रायमिंगने निघत नाही आणि पंप चालू झाल्यावर एकदम पंख्यात येते.

पंप कोरडा पडल्याची खूण ॲमीटरवर स्पष्ट दिसते. पाणी उचलण्याचा भार नसल्याने करंट नेहमीपेक्षा बराच कमी होतो, आवाज हलका होतो आणि केसिंगला हात लावल्यास ती तापलेली लागते. आत उरलेले थोडे पाणी तसेच घुसळत राहून उकळीला येऊ शकते आणि शाफ्टभोवतीचे मेकॅनिकल सील थंड करणारे पाणीच नसल्याने ते काही मिनिटांत जळते. करंट वाढलेला नसल्यामुळे साधा ओव्हरलोड रिले अशा वेळी पडत नाही. त्यासाठी करंट घटल्यावर मोटर तोडणारा ड्राय-रन संरक्षक लागतो. शेतीला ठरावीक तासच, आणि बरेचदा रात्री, थ्री-फेज वीज मिळते. ती येताच मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावलेला असेल आणि फूटव्हॉल्व्ह गळका असेल, तर माणूस घरी झोपलेला असताना पंप रात्रभर कोरडा फिरतो.

घरगुती अर्ध्या अश्वशक्तीचे सेल्फ-प्रायमिंग पंपही कोरडे चालत नाहीत. त्यांच्या केसिंगला पाणी राखून ठेवणारा कप्पा असतो. पंखा ते पाणी सक्शनमधल्या हवेत घुसळतो, फेस वरच्या कप्प्यात जाऊन हवा सुटते आणि पाणी पुन्हा पंख्याकडे येते. पहिल्यांदा हा कप्पा हातानेच भरावा लागतो आणि महिनाभराच्या बंदीनंतर तो आटला असेल तर पुन्हाही.

पंपाविना, नुसत्या उताराने वाहणाऱ्या पाइपात होणारे एअरलॉक वेगळ्या हिशेबाने चालते. गच्चीवरील टाकी नळापेक्षा दोन मीटर उंच आहे आणि वाटेत पाइपला सव्वा-सव्वा मीटरचे दोन उंचवटे आहेत, असे समजू. प्रत्येक उंचवट्याच्या उतरत्या बाजूला हवा साठली, तर तिच्या उंचीइतका दाब वाया जातो, आणि दोन्ही मिळून अडीच मीटर झाल्याने नळाला थेंबही येत नाही, टाकी काठोकाठ भरलेली असली तरी. सौर बंबाच्या गरम पाण्याच्या लाइनमध्ये हे वारंवार घडते. खालच्या नळाला होज जोडून जास्त दाबाचे पाणी उलटे वर सोडले, की हवा टाकीकडे निघून जाते. उंचवट्याच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह किंवा टाकीच्या पातळीहून उंच नेलेली उघडी नळी बसवली, तर हवा साठतच नाही.