आंबिलीतले जिवाणू उकळल्यावर कुठे जातात?

गडहिंग्लजकडच्या आमच्या घरी उन्हाळ्यात रात्रीचं एक काम ठरलेलं असायचं. आई वाटीभर नाचणीचं पीठ गाडग्यात घ्यायची, त्यात पाणी आणि डावभर आंबट ताक घालून हातानं कालवायची आणि तोंडाला फडकं बांधून ठेवायची. सकाळी फडकं सोडलं की आंबूस वास यायचा, पिठावर बारीक बुडबुडे दिसायचे. मग पातेल्यात आधण ठेवायचं, त्यात हे आंबवण धारेनं सोडायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. रटरट शिजून गार झालं की ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. झाली आंबील.

हीच आंबील आता ‘प्रोबायोटिक’ म्हणून विकली जाते. पोटासाठी, बाळासाठी, थकव्यासाठी, सगळ्यांसाठी एकच. मी पोटापाण्यासाठी अन्नातले जिवाणू मोजतो, त्यामुळे असा दावा वाचला की एकच प्रश्न मनात येतो: आधी आंबवलं की आधी शिजवलं?

रात्री गाडग्यात काय होतं ते पाहू. पिठावर मुळातच नाना तऱ्हेचे जिवाणू असतात, चांगलेही आणि नको असलेलेही. ओलावा मिळाला की सगळेच वाढू लागतात. त्यातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे, म्हणजे ल्युकोनोस्टॉक, वाइसेला, लॅक्टोबॅसिलस यांचे भाऊबंद, हळूहळू बाजी मारतात, कारण स्वतः तयार केलेलं आम्ल त्यांना सोसतं, इतरांना सोसत नाही. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट. कालवलेल्या पिठाचा पीएच सुरुवातीला ६.५च्या आसपास असतो, तो उन्हाळ्याच्या एका रात्रीत ४ ते ४.५पर्यंत उतरतो. आईचं डावभर ताक म्हणजे या शर्यतीत आपल्या जिवाणूंना दिलेली आघाडी.

आणि सकाळी आपण हे सगळं उकळत्या पाण्यात ओततो. लॅक्टिक जिवाणू साठ-सत्तर अंशांच्या पुढे तग धरत नाहीत, खदखदणाऱ्या पातेल्यात तर नाहीच. प्रोबायोटिकची जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेनं २००१ मध्ये केलेली व्याख्या सरळ आहे: जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा संख्येनं घेतले असता शरीराला फायदा करणारे. आमच्या घरच्या आंबिलीत रात्रभर खपलेले जिवाणू ओठाला वाटी लागेपर्यंत मेलेले असतात. जे जिवंत असतात ते नंतर घातलेल्या ताकातले. ते पोटाला चांगले असतीलही, पण त्यांचं श्रेय ताकाला, नाचणीला नाही. पाकिटातल्या ‘इन्स्टंट’ आंबिलीच्या पिठाबद्दल तर बोलायलाच नको. ते भाजून सुकवलेलं असतं आणि आपण ते पुन्हा उकळतो.

मग आंबवण्याचा खटाटोप कशाला? कारण जिवाणू मेले तरी त्यांनी केलेलं काम मरत नाही. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत एवढं क्वचितच सापडतं. पण त्यातल्या बऱ्याचशा कॅल्शियमला आणि लोहाला फायटिक आम्लानं धरून ठेवलेलं असतं, आणि बांधलेलं खनिज आतड्यातून तसंच पुढे निघून जातं. ही गाठ सोडवणारं फायटेज नावाचं विकर खुद्द दाण्यातच असतं. त्याला किंचित आंबट पाणी मानवतं. पीएच साडेपाच ते साडेचारच्या टप्प्यातून उतरत असताना ते रात्रभर गाठी सोडत बसतं. सकाळी उकळल्यावर विकरही संपतं, पण सुटलेल्या गाठी परत बसत नाहीत. माझ्या मते आंबिलीचा खरा फायदा हा आहे. पाकिटावर मात्र तो कुणी छापत नाही.

तमिळनाडूत हाच पदार्थ वेगळ्या वाटेनं जातो. तिथली आंबील, तिचं नाव ‘कूळ’, आडी या तमिळ महिन्यात मारियम्मन देवीच्या देवळांत वाटतात, जशी आपल्याकडे कोल्हापुरात रेणुकेच्या यात्रेला आंबील असते. कुळासाठी नाचणीचं पीठ रात्रभर आंबवतात, दुसऱ्या दिवशी तांदळाच्या कण्यांबरोबर घट्ट शिजवतात आणि ते शिजलेलं पुन्हा एक रात्र ठेवतात. सकाळी त्यातला गोळा ताकात आणि पाण्यात कालवून, कांदा-मिरचीच्या तोंडीलावण्याबरोबर पितात. दुसऱ्या रात्रीनंतर मात्र ते चुलीवर चढत नाही. म्हणून कुळात जिवंत लॅक्टिक जिवाणू भरपूर असतात. तरीही काटेकोर बोलायचं तर ते ‘जिवंत जिवाणू असलेलं आंबवलेलं अन्न’ आहे. प्रोबायोटिक म्हणायला नेमका कोणता वाण, किती संख्येनं आणि त्यानं माणसांत काय फरक पडला हे दाखवावं लागतं. घराघरातल्या गाडग्यात दर आठवड्याला वेगळी वस्ती असते.

शिजवलेलं ठेवण्यात एक धोकाही आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजं उकळूनही मरत नाहीत. कोमट, बिनआंबट पेजेत ती फुटतात, वाढतात आणि काही वाण असं विष सोडतात की पुन्हा उकळूनही ते जात नाही. पीएच साडेचारच्या खाली गेला की त्यांची वाढ थांबते. पण पेज आंबट व्हायला लागणारे पहिले काही तास त्यांचेच असतात. म्हणून शिजवलेली पेज आंबवायचीच असेल तर ती कोमट होताच आदल्या दिवशीचं चांगलं आंबट ताक किंवा आंबवण घालावं, नुसती उघडी ठेवू नये. नीट उतरलेल्या आंबवणाला ताकासारखा स्वच्छ आंबट वास येतो. तार सुटली, गुलाबी-काळे ठिपके दिसले किंवा वास कुबट आला, तर गाडगं ओतून द्यावं. पीएचच्या कागदी पट्ट्या स्वस्त असतात, संशय असेल तर एक बुडवून पाहावी.

आता बाळाकडे येऊ. माझ्या बहिणीची मुलगी दहा महिन्यांची असताना दिवसातून तीनदा वाटीभर आंबील प्यायची आणि तरी वजन हलत नव्हतं. “एवढी नाचणी जाते पोटात, मग अंगाला का लागत नाही?” असं बहीण मला फोनवर विचारत होती. मी म्हटलं, कशी करतेस ते सांग. एका लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम पीठ आणि वर पाव लिटर पातळ ताक.

हिशेब करू. पन्नास ग्रॅम पिठात साधारण १६० किलोकॅलरी, ताकात ४० धरू. सव्वा लिटरमध्ये २००, म्हणजे शंभर मिलिलिटरला १६. आईच्या दुधात तेवढ्याच मापात ६५च्या आसपास असतात. म्हणजे ही आंबील ताकदीनं अंगावरच्या दुधाच्या पाव. साडेआठ किलोच्या बाळाचं पोट एका वेळी पाव लिटरच्या आसपास भरतं. तीन वाट्या पोटात गेल्या तरी मिळाल्या १२०. नऊ ते अकरा महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला तीनशेच्या आसपास लागतात. शिवाय पोट टम्म असल्यामुळे ती दूधही कमी पीत होती. आंबील वाईट नव्हती, पाणी जास्त होतं.

पीठ वाढवलं तर पेज चमच्यात उभी राहते आणि बाळ ती थुंकून टाकतं. पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो म्हणून असं होतं, आणि नुसत्या आंबवण्यानं हे फारसं सुटत नाही. सुटतं ते मोडांनी. मोड आलेल्या नाचणीत अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते स्टार्चच्या साखळ्या कापतं. मी बहिणीकडे गेलो तेव्हा करून दाखवलं: रात्री आंबवलेलं २५ ग्रॅम पीठ २०० मिलि पाण्यात शिजवलं, खीर चमच्याला चिकटून बसली. बोट क्षणभरच टेकवता येईल इतकी निवल्यावर त्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं छोटा चमचाभर पीठ घातलं आणि ढवळत राहिलो. काही मिनिटांत चमच्यावरची खीर ओघळायला लागली. बहिणीला वाटलं मी गुपचूप पाणी घातलं. हे कच्चं पीठ पडल्यामुळे नंतर एक उकळी काढायची, ती चुकवायची नाही. त्यात चमचाभर तूप आणि दहा ग्रॅम भाजक्या, नीट शिजलेल्या मुगाचं पीठ गेलं की याच वाटीत १६०च्या आसपास किलोकॅलरी होतात. मोठ्यांची अख्खी लिटरभर आंबील केली तरी पिठातून तेवढ्याच मिळतात.

बाळासाठी उकळी शेवटी हवी, म्हणजे जिवंत जिवाणूंचा मोह सोडायचा. मरणोत्तर कामही त्यांचं कमी नसतं. टांझानियात आंबवलेली धान्याची पेज खाणाऱ्या लहान मुलांमध्ये जुलाबाच्या खेपा कमी आढळल्या होत्या. आंबट पेजेत रोगजंतू सहज वाढत नाहीत हे त्यामागचं एक पटण्यासारखं कारण, आणि तो आंबटपणा उकळून जात नाही. सहा महिन्यांच्या आत अंगावरच्या दुधाशिवाय काही नको. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ नको आणि मध तर नाहीच. विकतच्या सत्त्वाबद्दलही एक सांगतो. वाटून, गाळून, निवळून काढलेलं सत्त्व पांढरंशुभ्र दिसतं, कारण त्यातला कोंडा गेलेला असतो. कॅल्शियमचा मोठा वाटाही त्या कोंड्याबरोबरच जातो.

मोठ्यांचा थकवा मात्र दोन प्रकारचा असतो आणि आंबील त्यातल्या एकालाच लागू पडते. रानात उन्हात राबून आलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि पोटाला हलका आधार हवा असतो. लिटरभर गार आंबील ते तिन्ही देते, आणि चहापेक्षा कितीतरी बरं देते. सकाळी उठल्यापासून गळून गेल्यासारखं वाटणं, दोन जिने चढले की धाप लागणं, हा दुसरा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. वाटीभर पीठ म्हणजे सढळ हातानं पन्नास ग्रॅम धरलं तरी त्यात लोह सव्वादोन मिलिग्रॅम, आणि त्यातलं शोषलं जातं ते थोडंच. बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम. आंबवून शोषण दुप्पट झालं असं धरलं, तरी ही दरी भरत नाही.

माझी वहिनी वर्षभर थकव्यावर आंबील पीत होती. शेवटी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. आता गोळ्या चालू आहेत. आंबील तिनं सोडलेली नाही, फक्त वेळ बदलली आहे. ताकातलं कॅल्शियम आणि नाचणीतलं उरलंसुरलं फायटिक आम्ल गोळीतलं लोहही अडवतं, म्हणून गोळी सकाळी लिंबूपाण्याबरोबर आणि आंबील दुपारी, रानातून आल्यावर.